शेवटच्या ओळीतला एक टक्का

ब्रोकरच्या अहवालात शेअरची टार्गेट प्राइस पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असते. ती जिथून निघाली तो तक्ता शेवटी कुठेतरी बारीक टायपात असतो. त्या तक्त्यात सगळ्यात जास्त भार पेलणाऱ्या आकड्याबद्दल सहसा एका ओळीपलीकडे काही लिहिलेलं नसतं. तो आकडा म्हणजे टर्मिनल ग्रोथ: अंदाजाची पाच-दहा वर्षं संपल्यावर कंपनी दरवर्षी किती टक्क्यांनी, कायमची, वाढत राहील याचं गृहीतक.

हिशेब करून बघण्यासाठी शेतीपंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा तिचा नफा २०० कोटी रुपये. २५ टक्के कर गेला की १५० कोटी उरतात. घसारा ४० कोटी. तो फक्त वहीतला खर्च, पैसा बाहेर गेलेला नाही, म्हणून परत मिळवायचा. नव्या यंत्रांवर ७० कोटी गेले, आणि माल-उधारीत, म्हणजे खेळत्या भांडवलात, आणखी २० कोटी अडकले. उरले १०० कोटी. हा कंपनीचा फ्री कॅश फ्लो. व्याज वजा केलेलं नाही, कारण हा पैसा भागधारक आणि कर्ज देणारे अशा दोघांचाही आहे.

पाच वर्षं हा प्रवाह १० टक्क्यांनी वाढेल असं धरू. पाचव्या वर्षी तो १६१ कोटी होतो. भागधारक आणि बँका यांच्या परताव्याच्या अपेक्षा त्यांच्या वाट्यानुसार एकत्र केल्या की भांडवलाची सरासरी किंमत निघते. ती १२ टक्के धरू. या दराने पाच वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणल्या तर बेरीज होते ४७४ कोटी.

पण सहाव्या वर्षी कारखान्याला कुलूप लागणार नाही. त्यापुढची सगळी वर्षं एका आकड्यात बसवायची तर पाचव्या वर्षाचा प्रवाह एक वर्ष वाढवायचा आणि ‘१२ टक्के वजा वाढीचा दर’ याने भागायचा. वाढ ५ टक्के धरली तर १६९ भागिले ०.०७, म्हणजे सुमारे २,४१६ कोटी. ही टर्मिनल व्हॅल्यू पाच वर्षांनंतरची आहे. आजच्या किमतीत १,३७१ कोटी. आधीचे ४७४ मिळवले की कंपनीचं मूल्य १,८४५ कोटी होतं. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश त्या एका भागाकारातून आले. पाच वर्षांच्या विक्रीचे, मार्जिनचे, यंत्रांच्या खर्चाचे अंदाज लिहिण्यात विश्लेषकाचे आठवडे गेले असतील, आणि त्या सगळ्यांनी मिळून फक्त एक चतुर्थांश दिला.

आता ५ च्या जागी ६ टक्के लिहू. छेद ७ वरून ६ वर येतो, म्हणजे त्याचा सातवा हिस्सा नाहीसा होतो. कंपनीचं मूल्य २,०८८ कोटी होतं, सुमारे १३ टक्के जास्त. शेअरवरचा परिणाम याहून मोठा असतो, कारण मूल्यातून कर्ज वजा करून उरतं तेच भागधारकांचं, आणि कर्ज वाढीच्या अंदाजाने हलत नाही. कंपनीवर ६०० कोटींचं निव्वळ कर्ज आणि १० कोटी शेअर असतील तर ४ टक्के वाढीला शेअर १०६ रुपये, ५ ला १२४, ६ ला १४९ आणि ७ ला १८३. पायऱ्याही सारख्या उंचीच्या नाहीत: आधी १८ रुपये, मग २५, मग ३४. दर १२ च्या जवळ सरकवत गेलं की मूल्य भडकतं. १२ वर भागाकारच होत नाही, आणि १३ लिहिले तर एक्सेल निमूटपणे ऋण किंमत दाखवतं.

मग किती धरावं? वरची मर्यादा सोपी आहे: अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होईल, आणि ते शक्य नाही. खालच्या बाजूची चूक मात्र सहज नजरेतून सुटते. अमेरिकी मॉडेलमधले दोन-अडीच टक्के तसेच उचलून रुपयातल्या हिशेबात टाकले जातात. तिथल्या मध्यवर्ती बँकेचं महागाईचं लक्ष्य २ टक्के आहे, रिझर्व्ह बँकेचं ४. आपल्याकडे महागाई ४ टक्के राहिली तर अडीच टक्के वाढीचा अर्थ कंपनी दरवर्षी खरोखर आकसते आहे असा होतो. १२ टक्क्यांत महागाई धरलेली असेल तर वाढीच्या दरातही ती धरायला हवी.

माझ्या मते यापेक्षा खोल गफलत वेगळीच आहे. वरच्या हिशेबात आपण वाढ ५ वरून ६ केली, पण १६१ कोटींना हात लावला नाही. जास्त वाढायचं तर जास्त यंत्रं, जास्त माल लागतो. तो पैसा फ्री कॅश फ्लोमधूनच जाणार. आपली कंपनी १५० कोटींच्या करोत्तर नफ्यातले निव्वळ ५० कोटी परत धंद्यात घालते (यंत्रं ७०, खेळतं भांडवल २०, त्यातून घसारा ४० वजा), म्हणजे एक तृतीयांश. तेवढ्याच गुंतवणुकीत ५ टक्के वाढायचं असेल तर नव्या भांडवलावर १५ टक्के परतावा मिळायला हवा. ६ साठी १८, ७ साठी २१. आपण फक्त वाढीचा दर बदलतोय असं वाटतं, पण नवा गुंतवलेला प्रत्येक रुपया अनंतकाळ जास्त कमावेल हेही आपण त्याच वेळी न बोलता मान्य करत असतो.

याउलट समजू की स्पर्धक येतील आणि नव्या भांडवलावरचा परतावा कालांतराने १२ टक्क्यांवर, म्हणजे भांडवलाच्या किमतीइतका, खाली येईल. सहाव्या वर्षीचा करोत्तर नफा २५४ कोटी धरू. ५ टक्के वाढायचं तर त्यातले बारापैकी पाच भाग गुंतवावे लागतील, हातात १४८ कोटी उरतील, भागिले ०.०७, म्हणजे २,११४ कोटी. ६ टक्के वाढायचं तर निम्मा नफा गुंतवायचा, उरले १२७, भागिले ०.०६, पुन्हा २,११४. ४ टक्के धरा, तरी तेच. वाढीच्या दराचा प्रभाव पूर्ण नाहीसा होतो, कारण बारा टक्क्यांनी आणलेला पैसा बारा टक्केच कमावत असेल तर धंदा कितीही पसरला तरी मालकाच्या पदरात जादा काही पडत नाही. शेअर १०७ रुपयांवर येऊन थांबतो.

अशा अहवालात मी आधी शेवटच्या वर्षाचा रकाना बघतो. तिथे घसारा आणि यंत्रांवरचा खर्च सारखेच असतील, खेळत्या भांडवलात नवं काही जात नसेल, आणि खाली वाढ ६ टक्के लिहिली असेल, तर ती वाढ फुकटात आली आहे. भांडवलाची किंमत आणि वाढ हे दोन्ही दर बदलून दाखवणारी चौकट बहुतेकदा सोबत असते, पण तिच्यातही वाढीबरोबर गुंतवणूक हलत नसेल तर ती तीच चूक पंचवीस खणांत वाटून दाखवते.

हिशेब उलटाही चालवता येतो. हा शेअर बाजारात १८३ रुपयांना मिळत असेल आणि बाकीची गृहीतकं पटत असतील, तर बाजाराने ७ टक्के धरले आहेत, आणि गुंतवणुकीचं प्रमाण तेच राहिलं तर नव्या भांडवलावर २१ टक्के परतावाही धरला आहे, पाच वर्षांनंतरही आणि कायमचा. शेजारच्या फाउंड्रीत ओतकाम करून घेऊन कोणीही पंप जुळवू शकतं अशा धंद्यात तो कोण टिकवणार, हे त्या कंपनीच्या डीलरला विचारता येतं.