खाते उताऱ्याच्या फोटोतली बाकी कशी वाचावी

महिनाअखेरीला आम्ही तुमच्या खात्याच्या पानाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘बाकी जुळते का ते कळवा.’ त्यावर येणारे बरेचसे फोन एकाच प्रश्नाचे असतात: आकड्यापुढचे Dr आणि Cr म्हणजे नक्की काय? आम्ही तुम्हाला देणे आहोत, की तुम्ही आम्हाला? त्यासाठी हे पत्रक.

Dr म्हणजे नावे आणि Cr म्हणजे जमा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो वही कोणाची आहे हे विसरल्यामुळे. फोटोतले पान आमच्या खतावणीतले आहे. त्यात तुमच्या नावाच्या खात्यावर ‘नावे’ बाकी दिसली, तर ती रक्कम आम्हाला तुमच्याकडून येणे आहे. ‘जमा’ बाकी दिसली, तर तुमचे पैसे आमच्याकडे जास्तीचे आहेत. तुमच्या वहीत आमचे खाते उघडलेले असेल, तर तिथे हेच उलटे दिसते: आमच्याकडे ५,८४० नावे, तर तुमच्याकडे ५,८४० जमा. दोन्हीकडे नावेच दिसले, तर मात्र कुठेतरी चुकले आहे. बँकेच्या पासबुकात जमा बाकी बघायची सवय असल्याने ‘Cr म्हणजे चांगले’ असे मनात बसलेले असते. पण पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा आहे, आणि तिथे जमा बाकी म्हणजे बँक तुमचे देणे लागते.

आता एक नमुन्याचे खाते बघू.

| तपशील | नावे | जमा | बाकी |
|---|---|---|---|
| मागील बाकी | | | १२,४०० Dr |
| बिल | १८,७५० | | ३१,१५० Dr |
| रक्कम मिळाली | | २५,००० | ६,१५० Dr |
| रक्कम मिळाली (आगाऊ) | | १०,००० | ३,८५० Cr |
| बिल | ९,३०० | | ५,४५० Dr |
| माल परत, क्रेडिट नोट | | १,२५० | ४,२०० Dr |
| रक्कम मिळाली | | ६,००० | १,८०० Cr |
| बिल | ७,६४० | | ५,८४० Dr |

बाकीच्या रकान्यात उणे चिन्ह कधीच नसते. त्याचे काम ही दोन अक्षरे करतात. मनातल्या मनात नावे बाकीला अधिक आणि जमा बाकीला उणे धरा, की हिशेब सरळ होतो. चौथ्या ओळीत ६,१५० मधून १०,००० वजा जातात, उत्तर शून्याखाली ३,८५० येते, म्हणून अक्षरे बदलून Cr झाली. पुढच्या बिलाचे ९,३०० आले, त्यातून आधीचे ३,८५० वळते झाले आणि ५,४५० नावे उरले.

फोटोत हीच दोन अक्षरे सगळ्यात आधी दगा देतात. ती पानाच्या उजव्या कडेला असतात, त्यामुळे कधी कापली जातात, कधी वहीच्या घडीत वाकडी होतात. फोटो पुसट आला की D काय आणि C काय, दोन्ही गोलच दिसतात. अशा वेळी फोटो मोठा करून डोळे ताणू नका. वरची बाकी घ्या, या ओळीतला आकडा नावे असेल तर मिळवा, जमा असेल तर वजा करा. जे उत्तर येईल तेच अक्षर सांगेल. समजा वरच्या खात्यातले ३,८५० तुम्ही नावे असे वाचले. त्यात ९,३०० मिळवल्यावर १३,१५० यायला हवेत, पण पानावर आहेत ५,४५०. फरक ७,७०० चा, म्हणजे ३,८५० ची बरोबर दुप्पट. फरक एखाद्या बाकीच्या दुप्पट निघाला, की तिचे अक्षर चुकीचे वाचले गेले असे समजा. एखादी नोंदच चुकीच्या बाजूला धरली असेल, तर फरक त्या नोंदीच्या दुप्पट येतो. आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट वाचले आहेत का ते आधी पाहा, जसे ५,४५० ऐवजी ४,५५०. ओळीतला आकडाही पुसट आणि बाकीही पुसट असेल, तर मात्र अंदाज बांधू नका, दुसरा फोटो मागा.

संगणकावरून छापलेल्या काही उताऱ्यांत आणखी एक खोच असते. त्यात दर ओळीला बाकी नसते. शेवटी दोन्ही रकान्यांची बेरीज येते आणि अखेरची बाकी ‘Closing Balance’ या नावाने कमी असलेल्या बाजूला लिहून दोन्ही बेरजा समान केलेल्या असतात. आपल्या खात्यात मागील बाकीसह नावे बाजू ४८,०९० होते, जमा बाजू ४२,२५०. फरकाचे ५,८४० छापले जातात जमेच्या रकान्यात, आणि दोन्हीकडे ४८,०९० दिसतात. पण बाकी नावे आहे! एका ग्राहकाने अशाच उताऱ्यावरून आमच्याकडे पैसे परत मागितले होते, आणि त्यांची चूक म्हणावी तर उतारा तसाच दिसत होता. त्यामुळे या छपाईत आकडा कोणत्या रकान्यात आहे ते पाहू नका. तो आकडा घालण्याआधी कोणती बाजू जड होती ते पाहा.

वाचून झाले, आता जुळवणी. समजा आमच्या पानावर ५,८४० नावे आहेत आणि तुमच्या वहीत आमच्या खात्यावर फक्त ५९० जमा. फरक ५,२५० चा. दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि जी नोंद दोन्हीकडे सापडेल तिच्यावर टिकमार्क करत जा. उरतील त्या नोंदींतच फरक असतो. इथे दोन उरल्या. एक, तुम्ही शेवटच्या तारखेला काढलेला ४,००० चा चेक, जो आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाला. यात कोणाचीच चूक नाही, तुम्ही काही दुरुस्त करायचे नाही, आमच्याकडे तो पुढच्या महिन्यात जमा होईल. दुसरी, परत केलेल्या मालाचे १,२५०. माल पाठवताना तुम्ही ते आमच्या नावे टाकले आणि आमची क्रेडिट नोट आल्यावर पुन्हा टाकले. यातली एक नोंद तुम्हाला रद्द करावी लागेल. मग तुमच्याकडे १,८४० जमा राहतील, आणि चेक धरून आमच्याकडेही १,८४० नावे. जुळले.

बेरीज बरोबर आली म्हणून खाते पूर्ण आहे असे मात्र नाही. आमच्याकडून एखादे बिल नोंदवायचेच राहिले, तरी बाक्या ओळीओळीने अचूकच येतील. ते फक्त दोन वह्या समोरासमोर ठेवल्यावरच सापडते.

फोटो उघडताच आधी तीन गोष्टी तपासा: वर खात्याचे नाव आणि कालावधी दिसतो का, पहिल्या ओळीतली मागील बाकी गेल्या वेळी जुळवलेल्या बाकीशी अक्षरासकट मिळते का, आणि पाने एकाहून जास्त असतील तर एका पानाखालची पुढे नेलेली बाकी दुसऱ्याच्या डोक्यावर तशीच आहे का. कळवताना नुसते ‘ओके’ लिहू नका. ‘अमुक तारखेअखेर आमच्या वहीत तुमचे ५९० जमा, फरक ५,२५०, त्यात वाटेतला चेक ४,००० आणि आमची दुबार नोंद १,२५०’ एवढे लिहिलेत, तर आमच्याकडूनही त्याच दिवशी उत्तर देता येते.