स्किमिंग व स्कॅनिंग : ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ प्रश्नांच्या संदर्भात

लांब उतारा ठरावीक वेळेत वाचून त्यावरील विधाने खरी, खोटी की उताऱ्यावरून ठरवता न येणारी, हे सांगण्यासाठी वापरली जाणारी वाचनाची रीत. उताऱ्यावरून भरभर नजर फिरवून त्याचा विषय व रचना ध्यानात घेणे म्हणजे स्किमिंग, आणि हवा तो तपशील कुठे आहे ते हुडकणे म्हणजे स्कॅनिंग. मराठीत पहिल्यास धावते वाचन व दुसऱ्यास शोधवाचन म्हणता येते. या प्रश्नप्रकाराची सर्वाधिक परिचित परीक्षा म्हणजे इंग्रजीचे ज्ञान तपासणारी आयईएल्‌टीएस. १९८० मध्ये सुरू झालेल्या ईएल्‌टीएस या परीक्षेच्या जागी ती १९८९ मध्ये आली.

‘स्किम’ या शब्दाचा मूळ अर्थ द्रवावरची साय किंवा फेस काढणे असा असून वाचनाच्या संदर्भातला अर्थ त्यावरूनच आला, याबद्दल फारसे दुमत नाही. ‘स्कॅन’ची कथा मात्र वेगळी आहे. हा शब्द लॅटिनमधील ‘चढणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. इंग्रजीत तो आधी कवितेची चरणे मोजण्यासाठी आणि नंतर बारकाईने तपासण्यासाठी वापरला जाई. ‘भरभर नजर टाकणे’ हा जवळपास उलट अर्थ बहुधा विसाव्या शतकात रूढ झाला. ही केवळ शब्दकोशातली गंमत नाही. परीक्षार्थी स्कॅनिंगचा अर्थ ‘भरभर’ एवढाच घेतात, पण या प्रश्नांना शब्दाचे दोन्ही अर्थ लागतात : जागा भरभर शोधायची आणि सापडल्यावर ती बारकाईने तपासायची.

वाचनाच्या अभ्यासकांनाही ही अडचण जाणवलेली दिसते. ए. के. प्यू यांनी १९७८ मध्ये या दोहोंच्या मधला ‘सर्च रीडिंग’ हा तिसरा प्रकार मांडला. अर्कहार्ट व वीअर यांनी १९९८ मध्ये तो आपल्या वर्गीकरणात घेतला. त्यांच्या मते स्कॅनिंगमध्ये वाचक एखादा ठरावीक शब्द, नाव किंवा आकडा जसाच्या तसा शोधतो, तर सर्च रीडिंगमध्ये तो एखाद्या आशयाशी संबंधित मजकूर शोधतो आणि तो कोणत्या शब्दांत येईल हे त्याला आधी ठाऊक नसते. शिकवणीच्या पुस्तकांत आजही स्किमिंग-स्कॅनिंग ही जोडीच चालते. परंतु प्रश्नातले विधान उताऱ्यातले शब्द मुद्दाम बदलून लिहिलेले असल्याने प्यू यांची संज्ञा येथे अधिक नेमकी ठरते. पुढे ‘शोध’ हा शब्द त्याच व्यापक अर्थाने योजला आहे.

आयईएल्‌टीएसच्या अ‍ॅकॅडेमिक वाचनचाचणीत ६० मिनिटांत तीन उतारे व ४० प्रश्न असतात. तिन्ही उताऱ्यांचे मिळून सुमारे २,१५० ते २,७५० शब्द भरतात, म्हणजे एका उताऱ्याच्या वाट्याला ढोबळमानाने ७०० ते ९०० शब्द व २० मिनिटे येतात. इंग्रजी माहितीपर गद्य प्रौढ वाचक मनात वाचताना मिनिटाला सरासरी २४० च्या आसपास शब्द वाचतो, असा ब्रिस्बार्ट यांचा २०१९ मधील निष्कर्ष आहे. त्या वेगाने एक उतारा तीन-चार मिनिटांत संपेल. इंग्रजी परकी भाषा असलेल्याला याहून बराच जास्त वेळ लागतो आणि कठीण वाक्याशी तो अडला की हिशेब कोलमडतो. संपूर्ण उतारा एकदा सावकाश वाचून मग प्रश्नांकडे वळायचे, ही पद्धत म्हणूनच महाग पडते. थेट प्रश्न वाचून शोधाला लागणे हा दुसरा टोकाचा सल्ला. त्यात उताऱ्याची रचना ठाऊक नसल्याने प्रत्येक विधानासाठी पहिल्या ओळीपासून शोध घ्यावा लागतो. शीर्षक, प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि मधली नावे व सनावळ्या यांवरून दोनेक मिनिटे नजर फिरवून परिच्छेदागणिक एखाददुसरा शब्द समासात टिपणे, हा मधला मार्ग अधिक पटण्यासारखा आहे. एवढ्या वाचनातून उत्तर मिळत नाही, पण ते कुठे असेल याचा नकाशा हाती येतो.

या प्रश्नप्रकारात विधाने उताऱ्यातील माहितीच्याच क्रमाने येतात. त्यामुळे सगळी विधाने आधी वाचून ज्यांत नाव, सन किंवा न बदलता येणारी संज्ञा आहे ती प्रथम शोधावीत. दुसऱ्या व चौथ्या विधानाची जागा सापडली की तिसऱ्याची जागा त्या दोहोंमध्येच असते. ‘नॉट गिव्हन’साठी हा क्रम विशेष मोलाचा आहे. जे नाही ते शोधायला अंत नसतो, पण क्रमामुळे शोधाला कुंपण पडते. त्या आठ-दहा ओळी लक्षपूर्वक वाचूनही विधानाची बाजू सिद्ध होत नसेल आणि खोडलीही जात नसेल, तर उरलेला उतारा चाळण्याची गरज राहत नाही.

‘नॉट गिव्हन’चे मराठीत ‘उल्लेख नाही’ असे भाषांतर केले की नेमकी चूक घडते. विधानातल्या विषयाचा उल्लेख उताऱ्यात बहुधा असतोच, विधानात केलेला दावा तेवढा ठरवता येत नाही. ‘माहिती दिलेली नाही’ हे रूप अधिक योग्य. ‘फॉल्स’ ठरण्यासाठी उताऱ्यातील मजकूर आणि विधान हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे अशक्य असले पाहिजे. दोन्ही एकत्र नांदू शकत असतील आणि उतारा विधानाची ग्वाही देत नसेल, तर उत्तर ‘नॉट गिव्हन’.

उदाहरण म्हणून पुढील मजकूर पाहावा. प्रत्यक्ष परीक्षेत तो इंग्रजीत व बराच लांब असतो.

“इंग्लंडच्या किनाऱ्यालगत एडीस्टोनच्या खडकावरील पहिले दीपगृह १६९८ मध्ये उजळले आणि १७०३ च्या वादळात वाहून गेले. त्यानंतरचे, बाहेरून लाकडी असलेले दीपगृह १७५५ मध्ये जळाले. मग ते काम जॉन स्मीटन यांच्याकडे आले. त्यांनी एकमेकांत अडकणारे दगड घडवून घेतले आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना वापरला. त्यांचे दीपगृह १७५९ मध्ये सुरू झाले व शंभराहून अधिक वर्षे चालले. ते बदलावे लागले ते बांधकाम कमकुवत झाले म्हणून नव्हे, तर खालचा खडक लाटांनी झिजू लागला म्हणून. दीपगृहाचा वरचा भाग प्लिमथ येथे पुन्हा उभारण्यात आला.”

पहिले विधान : स्मीटन यांच्या आधी या खडकावर दोन दीपगृहे होऊन गेली होती. ‘दोन’ हा शब्द हुडकणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि तो घाईने ‘नॉट गिव्हन’ लिहितो. ‘पहिले’ व ‘त्यानंतरचे’ ही दोन पदे जोडली की विधान सिद्ध होते. उत्तर ‘ट्रू’. जसाच्या तसा शब्द शोधणे येथे अपुरे पडते.

दुसरे विधान : स्मीटन यांनी वापरलेल्या प्रकारचा चुना त्यापूर्वी कोणत्याही दीपगृहात वापरला गेला नव्हता. स्मीटन आणि चुना दोन्ही लगेच सापडतात, म्हणून ‘ट्रू’ लिहिण्याचा मोह होतो. पण आधीच्या दीपगृहांत कोणता चुना होता याविषयी उतारा गप्प आहे. ‘वापरला होता’ आणि ‘वापरला नव्हता’ या दोन्ही शक्यता त्याच्याशी सुसंगत राहतात. उत्तर ‘नॉट गिव्हन’. बांधकामाच्या इतिहासाचा जाणकार येथे अधिक फसतो, कारण तो उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीतून उत्तर देतो. ‘कोणत्याही’, ‘प्रथमच’, ‘सर्वांत’ अशी व्याप्ती वाढवणारी पदे विधानात दिसली की तेवढ्याच पदाचा आधार उताऱ्यात वेगळा शोधावा.

तिसरे विधान : बांधकाम कमकुवत झाल्यामुळे स्मीटन यांचे दीपगृह बदलावे लागले. येथे शब्द जवळजवळ जसेच्या तसे जुळतात आणि उत्तर मात्र ‘फॉल्स’ आहे, कारण ‘म्हणून नव्हे’ एवढ्यानेच अर्थ फिरतो. शब्द फार सहज जुळले तर अधिक जपून वाचावे, हा अनुभव बहुतेक शिक्षकांचा आहे. धावत्या नजरेतून नकार, ‘क्वचित’, ‘जवळजवळ’ यांसारखे छोटे शब्द निसटतात आणि निवाडा अनेकदा त्यांच्यावरच टेकलेला असतो.

चौथे विधान : संपूर्ण दीपगृह प्लिमथ येथे हलवण्यात आले. वाचक बहुधा ‘फॉल्स’ म्हणेल. काटेकोर तर्काने मात्र येथे वाद संभवतो. वरचा भाग पुन्हा उभारला, एवढ्यावरून खालचा उभारला नाही असे सिद्ध होत नाही. ‘काही’ म्हटल्याने ‘सर्व’ आपोआप खोटे ठरत नाही, ते खोटे असावे असे ऐकणारा व्यवहारात गृहीत धरतो, हा भेद भाषाविज्ञानात सुपरिचित आहे. चांगला प्रश्नकर्ता ही फट ठेवत नाही. तो उताऱ्यात ‘बुंधा मात्र खडकावरच राहिला’ असे वाक्य घालतो, आणि वस्तुस्थितीही तीच आहे. तसे वाक्य असले की उत्तर निःसंशय ‘फॉल्स’. सरावासाठी छापलेल्या हलक्या संचांत ही काळजी घेतलेली नसते. त्यामुळे अशा संचातील उत्तर पटले नाही, तर दोष दर वेळी वाचकाचाच असतो असे समजू नये. सराव शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या प्रश्नपत्रिकांवर करावा.

उत्तर तपासण्याची एक साधी कसोटी आहे. ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ लिहिताना उताऱ्यातील ज्या शब्दांमुळे ते ठरले त्यांवर बोट ठेवता आले पाहिजे. ‘फॉल्स’ असेल तर विधान दुरुस्त करून खरे करण्यासाठी लागणारा मजकूरही त्याच ओळींत मिळतो. जसे वरच्या तिसऱ्या विधानात ‘खडक झिजल्यामुळे’. दुरुस्तीसाठी काहीच मिळत नसेल तर ते ‘फॉल्स’ बहुधा ‘नॉट गिव्हन’ असते. सलग तीन-चार ‘नॉट गिव्हन’ आले तर शोधाची जागा चुकली असावी अशी शंका घेऊन मागच्या पक्क्या उत्तरापाशी परत जावे. एका विधानावर दीड-दोन मिनिटांहून अधिक वेळ जाऊ लागला तर तिन्हींपैकी एक पर्याय लिहून पुढे सरकावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे जागा कोरी सोडण्यात काही हाशील नाही.

‘येस, नो, नॉट गिव्हन’ हा जुळा प्रकार लेखकाच्या मतांविषयी किंवा दाव्यांविषयी असतो. निवाड्याची रीत तीच, मात्र उताऱ्यात उद्धृत केलेले दुसऱ्या कुणाचे मत लेखकाच्या नावावर खपवू नये.

या रीतीची मर्यादा शब्दसंग्रहात आहे. विधानातील शब्दाचा पर्यायी शब्द उताऱ्यात आला आणि वाचकाला तो ठाऊकच नसला, तर नजर त्याच्यावरून जाते आणि थांबत नाही. अशा वाचकाच्या उत्तरांत ‘नॉट गिव्हन’चे प्रमाण अवाजवी वाढलेले दिसते. त्याला वेग वाढवण्याच्या सरावाने फारसा लाभ होत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक विधान व त्याचा आधार असलेले वाक्य शेजारी शेजारी लिहून कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द आला, हे नोंदवत जाणे त्याच्या अधिक उपयोगी पडते.