परदेशी कार्डवाल्याने ‘माल मिळालाच नाही’ म्हटलं तर: चार्जबॅकला काय पाठवायचं आणि ते आधीच कसं जमवून ठेवायचं

पेण आणि आसपासच्या मूर्तीवाल्यांचे परदेशी पार्सलचे कागद मी भरून देते. गणपती गेले की सप्टेंबर-ऑक्टोबरात एक फोन ठरलेला, ‘ताई, गेटवेचा मेल आलाय, पैसे कापलेत, आता काय?’ आणि दरवेळी अर्धे पुरावे गायब झालेले असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी पैसे जातात कसे ते बघा. अमेरिकेतला गिऱ्हाईक त्याच्या बँकेला सांगतो की माल मिळाला नाही, बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत ती तक्रार आपल्या बाजूच्या बँकेकडे ढकलते, तिथून गेटवेकडे, म्हणजे तुमचं ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या कंपनीकडे, आणि गेटवेकडून तुमच्याकडे मेल. ही तक्रार म्हणजे डिस्प्यूट आणि तिच्यापायी ओढलेले पैसे म्हणजे चार्जबॅक. तोवर गेटवेने तेवढी रक्कम तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून कापलेली किंवा रोखून ठेवलेली असते, वर डिस्प्यूटची फी वेगळी. इथे लोक चुकतात कुठे, तर गेटवेच्या सपोर्टवाल्याशी भांडत बसतात. त्याच्या हातात काहीच नसतं हो, तो फक्त पोस्टमन आहे. निकाल तिकडची बँक देते आणि तिथला माणूस तुमची फाइल पाच-दहा मिनिटांच्या वर बघत नाही असं धरूनच चाला.

उत्तर कोण देऊ शकतो? ज्याच्या नावाचं गेटवे अकाउंट तोच, डॅशबोर्डवर डिस्प्यूट उघडायचा, ‘चॅलेंज’ निवडायचं, पीडीएफ चढवायची, सबमिट. या पायऱ्यांना दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. अडतं ते तारखेत आणि कागदात.

तारीख. व्हिसाच्या नियमात महिनाभराची मुदत आहे असं कुठेतरी वाचून लोक निवांत राहतात, पण ती मुदत बँकेची आहे, तुमची नाही. मधले दोघं-तिघं आपापले दिवस त्यातूनच कापून घेतात आणि तुमच्या हातात आठवडा-दहा दिवस उरतात. मेलमध्ये जी तारीख असेल तीच खरी, आणि त्यातही आदल्या दिवशी फाइल गेलीच पाहिजे, कारण वेळ भारताची की तिकडची हे दरवेळी लिहिलेलं नसतं. मुदत गेली की उत्तर दिलं नाही म्हणजे मान्य आहे असंच धरतात, मग तुमच्याकडे सोन्याचा पुरावा असला तरी उपयोग शून्य.

आता एक केस सांगते, 2025 सालची. इथल्या एका कारखान्यातून नऊ इंचाची शाडूची मूर्ती न्यू जर्सीला गेली, 240 डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण साडेवीस हजार रुपये. पैसे जूनमध्ये आले, पार्सल 30 जुलैला निघालं, 8 ऑगस्टला पोचलं. चतुर्थी 27 ऑगस्टला होती म्हणजे वेळेच्या बरंच आधी. सगळं छान. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी 1 ऑक्टोबरला डिस्प्यूटचा मेल, कारण माल मिळाला नाही, व्हिसाचा कोड 13.1, शेवटची तारीख 11 ऑक्टोबर. तो मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहिला आणि कारखान्याच्या मालक काकांच्या पुतण्याने उघडला 9 तारखेला.

दोन दिवसांत काय जमवलं ते नीट वाचा, कारण खरी शिकवण तिथेच आहे.

पहिलं ट्रॅकिंग. पुतण्याने स्क्रीनशॉट काढला, त्यात नंबर, तारीख, ‘Delivered’ आणि गावाचं नाव. एवढंच. याला लोक पुरावा समजतात आणि इथेच सगळ्यात जास्त केसेस पडतात, कारण त्या गावात हजारो घरं आहेत, मूर्ती कुठल्या दारात पोचली हे त्यात कुठे आहे? बँकेला बघायचं असतं की गिऱ्हाइकाने ऑर्डरमध्ये दिलेल्या पत्त्यावरच माल पोचला. त्यासाठी कुरिअरकडून पूर्ण डिलिव्हरीचा पुरावा मागवायचा, ज्याला पीओडी म्हणतात, त्यात पूर्ण पत्ता आणि घेणाऱ्याचं नाव किंवा सही असते. हा कागद आपोआप येत नाही, मागावा लागतो, आणि ट्रॅकिंगचं पान काही महिन्यांनी साइटवरून उडतं. म्हणून माझा नियम असा की पार्सल पोचलं त्याच आठवड्यात पीओडी डाउनलोड करायचा, डिस्प्यूट येवो न येवो. आम्हाला दहा तारखेला संध्याकाळी मिळाला, फोन करकरून.

त्यात घेणाऱ्याचं नाव भलतंच होतं. काका घाबरले. ती बिल्डिंगच्या फ्रंट डेस्कवरची बाई निघाली, तिकडे मोठ्या सोसायट्यांमध्ये पार्सल तिथेच ठेवतात. हे चालतं, पत्ता जुळला पाहिजे, पण ते तुम्ही एका ओळीत लिहून सांगायला हवं, समोरच्याने ओळखून घ्यावं अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा पुरावा तर हातातच होता आणि कुणाला आठवलाच नव्हता. 9 ऑगस्टला गिऱ्हाइकाने काकूंच्या व्हॉट्सअॅपवर पाटावर ठेवलेल्या मूर्तीचा फोटो टाकला होता, ‘काकू, बाप्पा सुखरूप पोचले, फार सुंदर झालेत’. गिऱ्हाईक स्वतः म्हणतोय मिळालं, याहून मोठा कागद नाही! पण मेसेज मराठीत. तिकडच्या बँकेत मराठी वाचणारं कोण बसलंय? स्क्रीनशॉट लावा, खाली सरळ इंग्रजीत भाषांतर टाइप करा, आणि तो नंबर ऑर्डरमधल्या नंबरशी जुळतोय हे ऑर्डरच्या पानावर गोल करून दाखवा. आणि हो, असे मेसेज जपून ठेवा, काकूंचा फोन बदलला की चॅट गेली हे मी दोनदा बघितलंय.

मग तीन पानांची पीडीएफ केली, पहिल्या पानावर तारखांसह पाच ओळी, मग पीओडी आणि ऑर्डरचा पत्ता शेजारी शेजारी, मग चॅट. मूर्ती किती कष्टाने बनते, आमचं घराणं किती पिढ्यांचं, हे सगळं मी काढून टाकलं. पुतण्या नाराज झाला, पण त्या टेबलावर भावनेला किंमत नाही. डिसेंबरात पैसे परत आले.

मुळात डिस्प्यूट झाला कशाने? ऑर्डर बायकोने केली होती, कार्ड नवऱ्याचं, आणि त्याच्या स्टेटमेंटवर कारखान्याच्या नावाऐवजी काकांचं कागदोपत्री पूर्ण नाव आलं. त्याने बँकेला फोन केला, घरात काही असं आलेलं नाही म्हणाला. ओळखीचं नाव न दिसणं हे फार मोठं कारण आहे आणि ते सोडवणं सोपं, गेटवेला सांगून स्टेटमेंटवर छापलं जाणारं नाव दुकानाचं करून घ्या, आणि पावतीच्या मेलमध्ये लिहा की स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल.

आता अटी. ‘चतुर्थीआधी मिळेल’ ही अट नव्हे. परदेशी बँकेला चतुर्थी कधी हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची तिला गरजही नाही. तारीख लिहा, ‘20 ऑगस्ट 2025 पर्यंत पोचेल’. यात एक मेख आहे. 13.1 मध्ये गिऱ्हाइकाला ज्या दिवशी माल मिळायला हवा होता त्या दिवसापासून 120 दिवस तक्रार करता येते. पोचायची तारीखच ठरलेली नसेल तर पैसे दिल्यावर पंधरा दिवसांनीच बँक दार उघडते, म्हणजे मे महिन्यात बुकिंग घेतलेल्या मूर्तीवर जूनमध्ये डिस्प्यूट येऊ शकतो, मूर्ती अजून रंगवलेलीसुद्धा नसते. तारीख लिहिलेली असली की 20 ऑगस्टचे 120 दिवस 18 डिसेंबरला संपतात, तोवर तरी फाइल हाताशी हवी. व्हिसाची बाहेरची मर्यादा व्यवहारापासून 540 दिवसांची आहे, म्हणून मी दीड वर्ष काहीच डिलीट करू देत नाही.

अटी कुठे लिहिल्यात तेही बघतात. साइटच्या तळाशी बारीक लिंक असून भागत नाही, पैसे भरायच्या पानावर टिकमार्क हवा आणि गिऱ्हाइकाने कधी टिक केलं याची नोंद सिस्टीममध्ये राहायला हवी. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन पेमेंट लिंक पाठवता? मग अटी मेसेजमध्ये टाका आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर आल्यावरच लिंक पाठवा. आणि ‘नो रिफंड’ लिहिलं की आपण सुटलो असं नाही, न मिळालेल्या किंवा फुटलेल्या मालावर ती ओळ चालत नाही. तिचा उपयोग मन बदललेल्या गिऱ्हाइकापुरता.

तिकडची कस्टम ड्यूटी कोण भरणार हे तर आता लिहायलाच लागतं. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला जी सूट होती ती 29 ऑगस्ट 2025 पासून गेली. दारात कुरिअरवाला पैसे मागतो, गिऱ्हाईक चिडून पार्सल नाकारतो आणि बँकेला सांगतो मिळालं नाही. तिकडच्या कस्टम्सने माल अडवून ठेवला असेल तर 13.1 लागू होत नाही, तसं दाखवणारं ट्रॅकिंगचं पान लगेच सेव्ह करा. पण भांडण्यापेक्षा ऑर्डर घेतानाच सांगितलेलं बरं की ड्यूटी गिऱ्हाइकाने भरायची की किमतीत धरलीय.

पत्ता बदलायचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. ‘आता बहिणीकडे कॅलिफोर्नियाला पाठवा ना.’ चांगुलपणाने पाठवता आणि पुरावा त्याच मिनिटाला बाद होतो, कारण ऑर्डरवर एक पत्ता आणि पीओडीवर दुसरा. जुनी ऑर्डर रद्द करून पैसे परत करा, नव्या पत्त्याने नवी घ्या, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. पेपालवर तर विक्रेत्याचं संरक्षणच व्यवहाराच्या पानावरच्या पत्त्याला बांधलेलं आहे, शिवाय 750 डॉलर किंवा त्यावरच्या ऑर्डरला सहीचा पुरावा मागतात, दीड-दोन फुटी मूर्ती तिथपर्यंत सहज जाते.

‘कार्ड मी वापरलंच नाही’ हा प्रकार वेगळा. आपल्या कार्डाला ओटीपी लागतो म्हणून लोकांना वाटतं सगळ्यांनाच लागतो, परदेशी कार्ड पुष्कळदा नुसत्या नंबरावर चालून जातं. गेटवेला विचारून परदेशी कार्डांना थ्रीडी सिक्युअर, म्हणजे ओटीपीसारखी बँकेची पडताळणी, चालू करून घ्या, त्यातून पडताळणी झालेल्या व्यवहारावर फसवणुकीची जोखीम साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. काही गिऱ्हाइकं त्या पडद्यावर अडकून निघून जातात, ते धरून चाला. ‘माल मिळाला नाही’ला मात्र याचा काडीचा उपयोग नाही.

डिस्प्यूट आल्यावर गिऱ्हाइकाचा गोड मेसेज आला, ‘चूक झाली, तुम्ही रिफंड करा, मी बँकेला सांगतो’, तर रिफंडचं बटण दाबू नका. बँकेने पैसे आधीच ओढलेत, तुम्ही परत दिले तर दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा गेलेले परत आणणं फार कठीण. त्याला म्हणायचं, बँकेकडून तक्रार मागे घेतल्याचं पत्र पाठव, आणि ते आलं तरी ते जोडून आपली फाइल मुदतीच्या आत पाठवायचीच.