घोडबंदरला चढणारा काटा आणि हायवेला चढणारा काटा

आमच्या सोसायटीतले एक काका रोज सकाळी कासारवडवलीहून वागळे इस्टेटला गाडीने जातात. साधी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षांची. मानपाड्याच्या आसपास ट्रॅफिक तुंबलं की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकायचा आणि कापूरबावडीच्या सिग्नलपर्यंत लाल पट्टीच्या जवळ पोचायचा. तीच गाडी रविवारी भिवंडी बायपासवरून इगतपुरीला नेली की काटा जागचा हलत नसे. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलला. फरक पडला नाही. मग एसीचा गॅस भरून झाला, कारण ट्रॅफिकमध्ये एसीसुद्धा गरम हवा फेकत होता. तरीही फरक नाही.

दोन्ही वेळा खर्च चुकीच्या जागी झाला, कारण "गाडी गरम होते" या एकाच वाक्यात दोन वेगवेगळे आजार येतात. एका आजारात रेडिएटरला हवा कमी पडते, दुसऱ्यात पाण्याचं फिरणं कमी पडतं. काटा दोन्हीत चढतो. तो कुठे चढतो, हे मात्र विचारायला हवं.

हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना पुढच्या जाळीवर सेकंदाला जवळपास 22 मीटर वेगाने वारा येतो. त्यावेळी फॅन बंद असला तरी बिघडत नाही, वाराच त्याचं काम करतो. सिग्नलला उभ्या गाडीला तो वारा नसतो. तिथे रेडिएटरमधून हवा ओढणारा फॅन हा एकमेव आधार. म्हणून उभ्या गाडीत काटा चढतो आणि पळत्या गाडीत उतरतो, तेव्हा पहिला संशय फॅनवर किंवा हवेच्या वाटेवर घ्यायचा.

पाण्याच्या बाजूचा आजार बहुतेक वेळा उलटा वागतो. रेडिएटरच्या नळ्या आतून गाळाने बुजल्या असतील किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल, तर सिग्नलला उभं असताना कदाचित काहीच कळणार नाही, कारण उभं इंजिन उष्णता थोडीच तयार करतं आणि अर्धवट बुजलेला रेडिएटरही तेवढी बाहेर टाकतो. पण चार माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढायला लागलात की इंजिनवर भार येतो, उष्णता कैक पटींनी वाढते आणि समोरून भरपूर वारा असूनही काटा वर जातो. काकांच्या गाडीचा थर्मोस्टॅट खरंच अडकला असता, तर ती इगतपुरीला इतक्या शांतपणे पोचली नसती. काही ठिकाणी तर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ते मला अजिबात पटत नाही. फॅनचा दोष तसाच राहतो, वर इंजिन हायवेवर थंडच धावतं आणि पेट्रोल जास्त खातं.

एसीची तक्रार ही तर या निदानातली सगळ्यात मोलाची खूण. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे, त्याला चिकटूनच बसवलेला असतो आणि दोघांना हवा त्याच फॅनकडून मिळते. त्यामुळे फॅन गेला की सिग्नलला एसी गरम, गाडी पळायला लागली की पुन्हा गार. गॅस कमी असता तर हायवेवरही थंडावा कमीच वाटला असता. काटा आणि एसी दोघेही गाडी उभी असतानाच रुसत असतील, तर गॅस भरण्याआधी बोनेट उघडा.

मी काकांची गाडी पार्किंगमध्ये चालू ठेवून एसी लावायला सांगितला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात फॅन फिरायला हवा. इथे फिरला नाही. फ्यूज शाबूत होता. फॅनचा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या जागी शेजारचा त्याच नंबरचा रिले लावून पाहिला, तरी काही नाही. मग इंजिन बंद केलं, फॅनचा कनेक्टर काढला आणि मोटारीला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट दिले. मोटार गप्प. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या पाठीवर हलकेच दोनदा ठोकलं, तशी ती घरघरत सुरू झाली. आतले कार्बन ब्रश झिजले होते. ते कधी टेकायचे, कधी नाही. गॅरेजमध्ये गाडी तपासली तेव्हा फॅन बहुधा फिरत असणार, म्हणून कुणाला शंका आली नाही. अशी तपासणी करताना हात पात्यांपासून दूर ठेवा. कित्येक गाड्यांचा फॅन इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो.

हीच मोटार थेट करंटवर व्यवस्थित फिरली असती, तर दोष मागे शोधावा लागला असता : वायरिंगमध्ये किंवा कमी वेगासाठी बसवलेल्या रेझिस्टरमध्ये. आणि एसीवर फॅन फिरतो, पण एसी बंद ठेवून इंजिन तापलं तरी फिरत नाही, असं असेल तर मोटार बरी असून तापमानाच्या सेन्सरकडे बघायचं.

नवी मोटार बसवल्यावर आम्ही गाडीच्या कॉम्प्युटरमधून तापमान वाचणारा ELM327 स्कॅनर लावून एसी बंद ठेवून आकडे बघत बसलो. गाडी उभ्या जागी तापत 97 अंशांवर गेली, फॅन लागला, आकडा 91 वर उतरला, फॅन थांबला. पुन्हा 97, पुन्हा 91. हे आकडे प्रत्येक गाडीत थोडे वेगळे असतात, पण ही चढउतार दिसायला हवी. डॅशबोर्डचा काटा ती दाखवत नाही. बहुतेक गाड्यांत तो बराच पल्ला मधोमधच धरून ठेवतो, त्यामुळे तो हलताना दिसला म्हणजे तापमान आधीच बरंच पुढे गेलेलं असतं.

फॅन जोरात फिरतोय आणि तरीही ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, असंही होतं. मग हवेची वाट बघायची. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं खाल्लेल्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मातीचा आणि तंतूंचा अक्षरशः नमदा जमतो. समोरून टॉर्च मारला तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, घाण त्याच्या मागे असते. इंजिन गार असताना साध्या नळीने इंजिनच्या बाजूकडून पुढे पाणी मारायचं. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाट आणखी बंद होते. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरणही जागेवर आहे का ते बघा. अपघाताच्या कामात ते तुटलं आणि पुन्हा बसवलंच नाही, तर फॅन रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागातून हवा ओढत नाही, आजूबाजूचीच घुसळतो.

या सगळ्याआधी, गार इंजिनवर, कुलंटची पातळी मात्र बघायलाच हवी. कुलंट कमी असेल तर गाडी ट्रॅफिकमध्येही तापते आणि फॅनचा दोष असल्यासारखीच वागते.

काटा चढताना मधल्या लेनमध्ये अडकला असाल तर एसी बंद करा, हीटर सर्वांत गरम करून ब्लोअर पूर्ण सोडा. घामाघूम व्हाल, पण हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची काही उष्णता आत ओढून घेतो. तरीही काटा लाल पट्टीला टेकला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला सोसवेल इतका गार होऊ द्या.