घुमटाचा ठोका अपलोड केल्यावर का बसतो?

चवथ जवळ आली की घुमट आरत्यांच्या रेकॉर्डिंगांचा पाऊस पडतो, आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच, स्टुडिओत दणदणीत वाटणारा ट्रॅक यूट्यूबवर गेला की घुमट मागे गेल्यासारखा वाटतो.

यूट्यूब पूर्ण ट्रॅकचा सरासरी आवाज मोजतं, सगळ्यात मोठा ठोका नाही. मीटरवर `LUFS` दिसतं ना, तेच हे माप. सरासरी साधारण मायनस 14 च्या वर असली की ट्रॅक तेवढा खाली आणतात.

आता एकाच आरतीचे दोन मास्टर बघूया. पहिला लिमिटरने दाबून मायनस 8 वर नेलाय, म्हणजे घुमट-शामेळाचे ठोके कापले आणि बाकी सगळं वर ओढलं, पीक मायनस 1. दुसरा मायनस 14 वर सोडलाय, त्याचेही पीक मायनस 1. अपलोड झाल्यावर पहिला 6 डीबी खाली येतो, त्याचे ठोके मायनस 7 वर जातात, दुसऱ्याला कोणी हातच लावत नाही. सरासरी दोघांची सारखीच, पण दुसऱ्यात घुमट 6 डीबी उंच वाजतो. लिमिटरने कापलेला ठोका नंतर परत येत नाही, मला यातलं हेच सगळ्यात जास्त खटकतं.

आणखी एक गोष्ट, हे मीटर खालच्या सुरांना कमी वजन देतं आणि वरच्या सुरांना जास्त. त्यामुळे कासाळें फार पुढे असली तर तीच आकडा वाढवतात आणि घुमटाची घुमघुम मात्र त्यात त्या मानाने कमी धरली जाते. मिक्समध्ये कासाळें दोनेक डीबी कमी करून बघा, घुमटाला जागा मिळते.

पण म्हणून लिमिटर काढूनच टाकायचा असंही नाही. चारदोन सुटे ठोके मायनस 1 ला टेकलेत आणि सरासरी मायनस 20, असा ट्रॅक यूट्यूब वर उचलत नाही, स्पॉटिफाय उचलतं पण पीकला जागा असेल तेवढंच, म्हणून तोही कमजोरच वाटणार. तेवढे सुटे ठोके दोनतीन डीबी दाबा, मग सगळा ट्रॅक वर घ्या.

मायनस 14 म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, ठोका जिवंत राहत असेल तर मायनस 11 सुद्धा चालतो. ट्रू पीक मात्र मायनस 1 च्या खालीच ठेवा, कारण फाईल कॉम्प्रेस होताना पीक थोडे वर उडतात आणि आवाज फाटतो.

तपासायचं कसं? दाबलेला मास्टर अपलोडच्या आधी फेडरने 6 डीबी खाली घ्या, दुसऱ्याशी आलटून पालटून ऐका. अपलोड झाल्यावर व्हिडिओवर राईट क्लिक करून `Stats for nerds` उघडा, तिथे `content loudness 6.0dB` दिसलं तर तेवढाच आवाज कापला गेलाय.