कॉफी कॅप्सूलचा कचरा

कॉफीच्या यंत्रात घालायच्या छोट्या बंद डबीला कॅप्सूल किंवा पॉड म्हणतात. एका कपाची पाच-सहा ग्रॅम पूड तीत असते. पर्यावरणाचा विचार करून घेणाऱ्यांसमोर तीन प्रकार येतात: पुनर्वापरासाठी वितळवता येणारी, कुजणारी आणि पुन्हा भरता येणारी. डबीवर काय छापले आहे यापेक्षा रिकामी डबी कुठे जाते, हे पाहिलेले बरे.

साताऱ्यातील एखाद्या घरात रोज दोन कप होत असतील, तर वर्षाला ७३० डब्या होतात. अ‍ॅल्युमिनिअमची डबी जेमतेम एक ग्रॅमची, म्हणजे सगळा धातू पाऊण किलोच्या आत. त्यात अडकलेला ओला चोथा मात्र सात-आठ किलो भरतो. म्हणून डबी तशीच सुक्या कचऱ्यात टाकली, तर घंटागाडीत प्रत्यक्षात ओला कचराच जातो, आणि एवढी बारीक वस्तू वेगळी काढायला कोणी बसत नाही. वरचा पत्रा सुरीने कापून चोथा कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकावा, डबी विसळावी आणि शीतपेयाच्या रिकाम्या कॅनमध्ये दाबून भरावी. असा भरलेला, चेपलेला कॅन भंगारवाला ‘जर्मन’च्या भावात घेण्याची शक्यता बरीच वाढते. जुने अ‍ॅल्युमिनिअम वितळवायला नव्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे हा खटाटोप वाया जात नाही. डबी चिमटीत दाबून पाहावी: चेपलेली राहिली तर अ‍ॅल्युमिनिअम, परत फुगली तर प्लॅस्टिक.

कुजणाऱ्या डबीबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. अशा बऱ्याच डब्या पीएलए या मक्यासारख्या पिकापासून केलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. ते कुजायला ५८ अंशांच्या आसपासची उष्णता कित्येक आठवडे टिकावी लागते. औद्योगिक खतप्रकल्पात ती मिळते. परसातला खड्डा सुरुवातीला तापतो आणि लवकरच निवतो. सहा महिन्यांनी खत चाळले की चोथ्याची माती झालेली असते आणि डबी चाळणीवर जशीच्या तशी उरते. ‘घरगुती खतासाठी’ असे स्पष्ट प्रमाणित केलेली डबी असेल तरच ती खड्ड्यात टाकावी. शिवाय हे साहित्य हवा नीट अडवत नसल्याने अशा डब्यांवर बहुधा आणखी एक वेष्टन असते. त्याचा हिशेब सहसा कोणी धरत नाही.

पुन्हा भरायची स्टीलची डबी कचरा जवळजवळ संपवते, पण हात बसावा लागतो. दळण जाड असेल तर पाणी काही सेकंदांत सरसर निघून जाते आणि कॉफी पांचट होते. फार बारीक असेल तर थेंबथेंब पडते आणि कडेने गळते. बाजारातली चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड इथे न वापरलेली बरी. ती ओली होऊन चिकटते आणि जाळीची भोके बुजवते. पूड काठोकाठ न भरता हलकी दाबावी आणि काठावरचे कण पुसावेत, नाहीतर सिलिकॉनची रिंग बसत नाही.