अतिरिक्त श्रम (द्वैती अर्थव्यवस्थेतील)

कामात गुंतलेले दिसणारे, पण काढून घेतले तरी उत्पादनात फारशी घट होणार नाही असे श्रम. यालाच छुपी किंवा प्रच्छन्न बेकारी असेही म्हणतात. असे श्रम करणाऱ्या माणसाला बेकार म्हणून ओळखता येत नाही. तो सकाळी जनावरे सोडतो, दुपारी बांधावरचे गवत कापतो, बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो, आणि कोणी विचारले तर ‘शेती करतो’ असे सांगतो. ते खोटेही नसते. प्रश्न असतो तो त्याच्या असण्यानसण्याने खळ्यावरच्या राशीत किती फरक पडतो एवढाच.

या कल्पनेवर विकासाचे अर्थशास्त्र उभे केले ते सेंट लुशिया बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी. श्रमाचा अमर्याद पुरवठा असलेल्या देशांचा विकास कसा होतो, यावरचा त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तीही त्याच वर्षी. हा योगायोग खरा, पण पुढे पिंपरी-चिंचवड हे लुईस यांचा सिद्धांत तपासण्याचे चांगले ठिकाण ठरले. लुईस यांना १९७९ मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे याच मुद्द्यावर दोघांचे पटत नव्हते.

लुईस यांच्या मांडणीत अर्थव्यवस्थेचे दोन भाग असतात. एका भागात भांडवल गुंतवून, नफ्यासाठी, मजुरी देऊन काम चालते. दुसऱ्या भागात कुटुंब आपल्या हाताशी आहे तेवढ्यावर जगते आणि आलेले वाटून खाते. दोन भागांतला खरा फरक यंत्रांचा नसून वाटून खाण्याचा आहे. तो एका शेताच्या हिशेबावरून नीट कळतो.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात बाजरी, ज्वारी, मटकी घेणारे एक कुटुंब समजा. काम करणारे पाच जण, आणि खर्च वजा जाता वर्षाचे उत्पन्न १,५०,००० रुपये. (आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत.) प्रत्येकाच्या वाट्याला ३०,००० येतात. धाकटा भाऊ पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीला कारखान्यात कामाला गेला. उरलेल्या चौघांनी त्याचे काम आपसांत वाटून घेतले आणि उत्पन्न १,४६,००० वर आले. म्हणजे त्याच्या श्रमाची शेवटी पडलेली भर, अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचे सीमांत उत्पादन, ४,००० रुपये होते. घरात त्याला मिळत होते मात्र ३०,०००. कोणत्याही मालकाने ४,००० कमावून देणाऱ्याला ३०,००० दिले नसते. कुटुंब देते, कारण तो घरचा आहे.

यावरून शहरातली मजुरी ठरते. गाव सोडायला तो ४,००० वर तयार होणार नाही. त्याला घरच्या वाट्यापेक्षा जास्तच हवे. लुईस यांच्या अंदाजाने हा फरक साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे आपल्या हिशेबात मजुरी ३९,००० च्या आसपास. शिरूरसारखी हजारो घरे असतील, तर कारखानदाराला या दराने हवी तितकी माणसे मिळत राहतात. कामगाराने ६०,००० ची भर घातली, तर २१,००० मालकाकडे उरतात. त्यांतून नवे शेड, नवे लेथ, नवी माणसे. मजुरीचा दर जागच्या जागी राहतो, नफा वाढतो, आणि वाढलेला नफा आणखी श्रम ओढून घेतो. खेड्यातली जास्तीची माणसे संपली की मगच मजुरी चढू लागते. या क्षणाला लुईस वळणबिंदू म्हणतात. जपानने हे वळण १९६० च्या सुमारास घेतले असे सामान्यतः मानले जाते.

हिशेबात एक गोष्ट अजून उरते. धाकटा गेल्यावर घरच्यांचा वाटा ३०,००० वरून ३६,५०० झाला. तो मागे ठेवून गेलेले २६,००० रुपयांचे धान्य चौघांनी घरीच खाल्ले, तर भोसरीत तो खाणार काय? शहरात धान्य महागते, त्याच मजुरीत पोट भरत नाही म्हणून रोख मजुरी वाढवावी लागते, आणि नफा आटतो. गुस्ताव रॅनिस आणि जॉन फे यांनी १९६१ मध्ये नेमके हे दाखवले: माणसांबरोबर त्यांच्या वाट्याचे धान्यही बाजारात यावे लागते, नाहीतर खेड्यात माणसे शिल्लक असतानाच कारखान्यांची वाढ अडते.

शुल्ट्झ यांचा आक्षेप मुळावरच होता. काढून घेतले तरी उत्पादन घटणार नाही असे श्रम शेतीत नसतातच, असे त्यांचे म्हणणे. पुराव्यासाठी त्यांनी भारतातली १९१८-१९ ची इन्फ्लुएंझाची साथ घेतली. लाखो माणसे गेली आणि पेरणीखालचे क्षेत्रही घटले. श्रम जास्तीचे असते तर ते का घटावे? यावर अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये उत्तर दिले. साथ प्रत्येक घरातून एकेक माणूस मोजून नेत नाही, कुठे अख्खे घर बसते, तर कुठे कोणाला काहीच होत नाही. नोकरीसाठी पाचांतला एक जाणे ही वेगळी घटना आहे. त्याआधी १९६६ मध्ये सेन यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला होता, आणि शेती जवळून पाहिलेल्याला तो लगेच पटतो: जास्तीची असतात ती माणसे, कामाचे तास नव्हेत. एक गेला की उरलेले जास्त वेळ राबतात, म्हणून उत्पादन टिकते.

त्यात हंगामाची भर घालावी लागते. मावळ-मुळशीत भाताच्या लावणीला जुलैत माणूस मिळत नाही. पाऊस लागला की सगळ्यांचीच खाचरे एकदम तयार होतात, म्हणून सावड किंवा इर्जिक करून एकमेकांची शेते उरकावी लागतात. तेच मावळ फेब्रुवारीत रिकामे असते. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या उसाला तोडणीसाठी बीड आणि नगरच्या बाजूने टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, मुकादम आधी उचल देतो, आणि हंगामातल्या कामातून ती फेडायची असते. एकाच जिल्ह्याच्या जिरायत भागात माणसे रिकामी आणि बागायतीत बाहेरची माणसे, यात विसंगती नाही. अतिरिक्त श्रम वर्षातल्या दिवसांत मोजला, तर दोन्ही गोष्टी जुळतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६२ मध्ये याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवले होते. मजुरी देऊन केलेली नफ्याची शेती या जास्तीच्या माणसांना ठेवणारच नाही. कुटुंबाची शेती त्यांना सांभाळते, पण गरिबीत. रिकाम्या महिन्यांत काम मागणाऱ्याला काम देणारी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, ती या दिवसांच्या प्रश्नालाच लागू पडते.

आता शहराकडे. लुईस यांचा निबंध शेतीपुरता आहे असा समज पसरला आहे, तो चुकीचा. स्टेशनवर उतरताच बॅग उचलायला धावणारी मुले, फुटकळ विक्रेते, घरगडी, तुकड्यातुकड्याने काम मिळणारे हमाल, हे सारे त्यांनी अतिरिक्त श्रमातच धरले होते. आज ज्याला असंघटित क्षेत्र म्हणतात, तेच हे. शिरूरच्या शेतावर चालणारा नियम इथेही चालतो. एका चौकात पाच वडापावच्या गाड्यांच्या सहा झाल्या, तर चौकातली भूक वाढत नाही, गिऱ्हाईक सहांत वाटले जाते.

म्हणून पुण्याच्या वाढीने श्रम सामावून घेतला का, हे नुसत्या स्थलांतरावरून ठरवता येत नाही. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडला वाहन उद्योग उभा राहिला, आणि त्या पिढीतल्या अनेकांना कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी, कॉलनीतले घर मिळाले. हे लुईस यांच्या चित्राच्या सर्वांत जवळचे. पण पुढे तितक्याच भांडवलामागे माणसे कमी लागू लागली, आणि लागली त्यांतली बरीच कंत्राटावर घेतली गेली. शेतीतून निघालेल्यांना मोठ्या प्रमाणावर जागा दिली ती बांधकामाने. सकाळी मजूर अड्ड्यावर बिगारी, मिस्त्री, रंगारी उभे असतात. ठेकेदार टेम्पो थांबवतो, दोन-तीन जण आधीच चढलेले असतात, दर मागाहून ठरतो. दहा वाजले तरी जे उभेच राहतात, त्यांचा तो दिवस गेला. हाच वरच्या शेतातला पाचवा माणूस. फरक इतकाच की इथे वाटा देणारे घर नाही. एखादे दिवशी घरी चूल पेटेल की नाही, हे अड्ड्यावर ठरते.

श्रम खरोखर सामावला गेल्याची खूण म्हणजे अकुशल माणसाची, मंदीच्या महिन्यांतली, महागाई वजा केलेली मजुरी. सुगीतली किंवा लावणीतली मजुरी पाहून फसायला होते, कारण तेव्हा टंचाई असतेच. मिस्त्रीचा दर चढला आणि बिगाऱ्याचा तिथेच राहिला, तर टंचाई कसबाची आहे, माणसांची नाही. भारतात खेड्यातली खरी मजुरी २००७ नंतर काही वर्षे झपाट्याने वाढली, तेव्हा वळणबिंदू आला असे अनेकांना वाटले. २०१४ नंतर ती जवळजवळ थांबली.

मजुरी वाढली म्हणजे वळण आलेच, असेही नाही. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि १९६९ चा माथाडी कायदा यांमुळे हमालांचे दर बांधले गेले, तेव्हा बाहेर हमाली करायला तयार माणसांची रांग संपलेली नव्हती. मजुरी संघटनेने वर नेली. लुईस यांच्या आकृतीत याला जागा नाही, म्हणून ते कमी खरे ठरत नाही.

उलट दिशेची परीक्षा २०२० मध्ये झाली. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार शेतीतल्या कामगारांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ झाले. टाळेबंदीत माणसे गावी परतली आणि त्याच शेतात पुन्हा वाटेकरी झाली. पण साथ ओसरल्यावरही, २०२३-२४ मध्ये, प्रमाण ४६.१ होते, तर देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के. म्हणजे शेतीतला माणूस शेतीबाहेरच्या माणसाच्या साधारण चौथा हिस्सा उत्पन्न काढतो. या वाढीत स्त्रियांचा भाग मोठा आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी घरच्या शेतावर बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदल्या गेल्या आहेत, आणि पाच जणांत वाटल्या जाणाऱ्या राशीवर आता सहावा वाटा पडला आहे.